पावसाळ्यात ग्रिग्नार्ड सुरूच होत नाही: ईथर ओलं, काच ओली की मॅग्नेशियमच बाद?

अनुजा_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे आणि प्रोजेक्टच्या पहिल्याच पायरीवर गाडं अडलंय. ब्रोमोबेंझिन आणि मॅग्नेशियमपासून फिनाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड हे ग्रिग्नार्ड करायचं, त्यावर बेंझोफिनोन घालून ट्रायफिनाइल मेथॅनॉल काढायचं. सीनियर मुलींनी हेच जानेवारीत केलं, त्यांचं बिनबोभाट झालं. माझं जुलै लागल्यापासून होत नाही.

मी काय करते ते सांगते. काचसामान धुऊन, ॲसिटोन फिरवून ओव्हनमध्ये ११० अंशांना तासभर ठेवते. बाहेर काढून बाकावर गार होऊ देते, मग जोडणी. कंडेन्सरवर कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब. ईथर रात्रभर कॅल्शियम क्लोराइडवर ठेवलेलं असतं. फ्लास्कमध्ये १.२ ग्रॅम मॅग्नेशियम टर्निंग्ज, ३० मिली ईथर, ५ मिली ब्रोमोबेंझिन, आयोडीनचा एक खडा आणि खाली कोमट पाण्याचं भांडं. थोड्या वेळाने आयोडीनचा रंग जातो, ईथर छान उकळायला लागतं, मला वाटतं झालं सुरू. भांडं काढलं की सगळं थंड. टर्निंग्ज तळाशी होत्या तशाच.

प्रश्न दोनच. सुरू झालं हे नक्की कशावरून ओळखायचं? आणि ओलावा येतोय कुठून?

झंप्या

आमच्या गुहागरला जुलैत भाजलेला पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो आणि तुम्ही सुकवलेला फ्लास्क बाकावर गार करायला ठेवता. मी काही केमिस्ट नाही, पण तिथेच पाणी मुरतंय असं वाटतं. खुर्ची घेऊन बसलोय, चालू द्या.

पोपटराव_पुणे

आयोडीनचा रंग गेला म्हणजे सुरू झालं होतं, यात शंका नको. आयोडीन मॅग्नेशियमचा पृष्ठभाग साफ करतं. नंतर विझलं ते ब्रोमाइड कमी पडलं म्हणून. अजून २-३ मिली ब्रोमोबेंझिन घाला आणि हॉट प्लेटवर जरा दणकून उकळा, चालू होतंय की नाही बघा. ईथर कॅल्शियम क्लोराइडवर रात्रभर ठेवलंय ना, मग त्याची काळजी नको.

जुना_मास्तर

अनुजा, पोपटरावांचं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे. दुसरं ऐकू नकोस, आणि हॉट प्लेट तर अजिबात नाही. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, बाकावरून सरपटत लांब जाते, आणि १६०-१८० अंशांच्या नुसत्या तापलेल्या पृष्ठभागावर ठिणगी नसतानाही पेटते. ईथरला उष्णता द्यायची ती गरम पाण्याचीच, आणि ते पाणीसुद्धा दुसरीकडे तापवून आणलेलं.

आता आयोडीन. रंग जातो कारण आयोडीन स्वतःच मॅग्नेशियमशी रिॲक्शन करून मॅग्नेशियम आयोडाइड होतं. पृष्ठभागावरची ऑक्साइडची साय थोडी फाटते, हा त्याचा उपयोग. पण त्या घटनेत ब्रोमोबेंझिनचा काही संबंध नाही. फ्लास्कमध्ये ब्रोमोबेंझिन नसतं तरी रंग गेलाच असता. त्यामुळे रंग जाणं म्हणजे दार उघडलं, पाहुणा आत आलाय की नाही ते वेगळं बघावं लागतं.

तसंच उकळण्याचं. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. खाली कोमट पाणी असेल तर ते उकळणारच, त्यात रिॲक्शनचं काय कर्तृत्व? म्हणून चाचणी एकच: भांडं काढायचं, फ्लास्क स्टँडवर तसाच ठेवायचा आणि उकळणं चालू राहतंय का बघायचं. बाहेरून उष्णता नसताना ईथर मिनिटामागून मिनिट उकळतंय आणि कंडेन्सरमधून थेंब परत पडताहेत, तर उष्णता आतून येतेय. तुझं थंड पडलं, म्हणजे सुरू झालंच नव्हतं. ते विझलं नाही, पेटलंच नाही.

आणि सगळं ब्रोमोबेंझिन एकदम घालायची सवय आजच सोड. तुझ्या फ्लास्कमध्ये साधारण ०.०५ मोल ब्रोमाइड आणि तेवढंच मॅग्नेशियम समोरासमोर बसलंय. आज ते गप्प आहे. ज्या दिवशी उशिरा जागं होईल त्या दिवशी सगळी उष्णता एकदम निघेल आणि ईथर कंडेन्सरच्या तोंडातून कारंज्यासारखं बाहेर येईल. पोपटरावांच्या सल्ल्याप्रमाणे अजून ३ मिली घातलं असेल तर विचारायलाच नको.

पोपटराव_पुणे

मास्तर, आमच्या वेळी कारंजं वगैरे काही झालं नाही बुवा. पण ठीक आहे, हॉट प्लेटचं मागे घेतो.

तारापूरकर

मास्तरांना शंभर टक्के अनुमोदन. मी प्लांटवाला माणूस, ग्रिग्नार्ड रिॲक्टरमध्ये बघितलंय, फ्लास्कमध्ये फारसं नाही. आमच्याकडे टीएचएफ असतं, ते ६६ अंशांना उकळतं, त्यामुळे तापमानात जरा हालचाल करायला जागा मिळते. आमचा नियम एका ओळीचा: हॅलाइडचा पहिला छोटा भाग घातल्यावर इनिशिएशन सिद्ध झाल्याशिवाय दुसरा थेंब नाही. सिद्ध म्हणजे जॅकेटचं तापमान स्थिर ठेवलेलं असताना आतलं तापमान स्वतःहून चढलं पाहिजे. ते चढलं नाही तर शिफ्ट इनचार्जला बोलावतात, ऑपरेटरने स्वतःच्या मनाने काही घालायचं नाही.

अजून एक युक्ती आमच्याकडची. आधीच्या बॅचचं थोडं ग्रिग्नार्ड रिॲक्टरमध्येच ठेवून देतात आणि त्यावर नवीन मॅग्नेशियम, नवीन सॉल्व्हंट घेतात. ते आधीचं ग्रिग्नार्ड उरलंसुरलं पाणी खाऊन टाकतं आणि बॅच लगेच पकडते.

डॉ_बंड्या

ईथर म्हटल्यावर धावत आलो. आमच्या सुरुवातीच्या काळात तालुक्याच्या दवाखान्यात भूल ईथरवरच दिलेली बघितली आहे. तो वास ऑपरेशन थिएटरच्या पडद्यांतून आठवडाभर जायचा नाही. १८४६ मध्ये बोस्टनला पहिलं जाहीर प्रात्यक्षिक झालं म्हणतात. तुमचं ईथर तेच का? ते ओलं असलं तर पेशंटला काही फरक पडत नसे. :)

स्वप्ना_क्यूसी

डॉक्टरसाहेब, द्रव्य तेच, पण इथे पेशंट फार नाजूक आहे.

अनुजा, गंमत सोडून एक हिशेब देते, त्यावरून ईथर किती कोरडं लागतं त्याचा अंदाज येईल. पाण्यासोबत ठेवलेलं ईथर साधारण सव्वा टक्का पाणी धरून ठेवतं. ३० मिली म्हणजे २१ ग्रॅम ईथर. ते तसं पूर्ण ओलं असेल तर त्यात पाव ग्रॅमच्या वर पाणी आलं, म्हणजे जवळपास ०.०१५ मोल. एक मोल पाणी एक मोल ग्रिग्नार्ड मारून त्याचं बेंझिन करतं. तुझं ग्रिग्नार्ड होणार जास्तीत जास्त ०.०५ मोल. म्हणजे तिसरा हिस्सा तिथेच गेला.

उलट टोक बघ. त्याच ईथरमध्ये पाणी मोजायच्या कार्ल फिशर यंत्रावर १०० पीपीएम पाणी आलं, तर ते २ मिलिग्रॅम. म्हणजे ०.०००१ मोलच्या आसपास. उताऱ्यात ते कळणारसुद्धा नाही. त्यामुळे अगदी शून्य पाण्याच्या मागे लागायची गरज नाही, पण पहिल्या टोकाला असशील तर काही उपयोग नाही. तुमच्या कॉलेजात कार्ल फिशर असेल तर लाव.

अनुजा_रत्नागिरी

कार्ल फिशर आहे, पण रिएजंट संपलंय आणि मागणीपत्र ऑफिसात फिरतंय.

स्वप्नाताई, पण मग शंका येते. माझं ईथर इतकंही ओलं नसेल. रात्रभर क्लोराइडवर होतं. तिसरा हिस्सा गेला तरी उरलेलं दोन हिस्से तरी व्हायला हवं होतं ना? माझं तर काहीच होत नाहीये.

जुना_मास्तर

फार चांगला प्रश्न, आणि या धाग्याचं खरं उत्तर त्यातच आहे.

पाण्याचा हिशेब नुसता बेरीज-वजाबाकीचा असता तर तू म्हणतेस तसंच झालं असतं. पण पाणी सगळ्यात जास्त त्रास देतं ते सुरुवातीला. मॅग्नेशियमच्या एखाद्या उघड्या जागी ग्रिग्नार्डचे पहिले रेणू तयार होतात. आजूबाजूला पाणी असेल तर ते लगेच मरतात आणि त्याच जागी हायड्रॉक्साइडचा थर बसतो. उघडी जागा पुन्हा बंद. असं सगळीकडे होत राहिलं की बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडत नाही असं दिसतं. याउलट एकदा का थोडं ग्रिग्नार्ड साठलं की ते स्वतःच द्रावणातलं पाणी संपवतं आणि तिथून पुढे गाडी उताराला लागते. तारापूरकरांची आधीच्या बॅचची युक्ती चालते ती याचमुळे. म्हणून थोडा ओलावा असला तर रिॲक्शन उशिरा सुरू होते, जास्त असला तर होतच नाही.

आता काचेकडे. ११० अंशांना तासभर ही वेळ पातळ बीकरला पुरेल. ड्रॉपिंग फनेलचा कॉक, जॉइंटची घासलेली काच, कंडेन्सरच्या आतली गुंडाळी इथे पाणी चिकटून बसतं. शिवाय कॉलेजच्या ओव्हनमध्ये शेजारी कुणीतरी ओथंबलेली भांडी ठेवतोच, मग आत वाफच वाफ. १२० ते १२५ अंशांना रात्रभर ठेव, कॉक काढून वेगळा. सकाळी हातमोजे घालून गरम असतानाच जोडणी कर, गार्ड ट्यूब लाव आणि मग गार होऊ दे. गार होताना फ्लास्क हवा आत ओढतो, ती हवा क्लोराइडमधून आली पाहिजे, रत्नागिरीच्या आभाळातून नको. ईथर मात्र फ्लास्क हाताला पूर्ण गार लागल्यावरच घाल.

ॲसिटोनने धुणं बंद कर. कॉकच्या भोकात राहिलेला ॲसिटोन ग्रिग्नार्डशी पाण्याइतक्याच आनंदाने रिॲक्शन करतो, कारण शेवटी तोही कीटोनच, तुझ्या बेंझोफिनोनचा भाऊ. धुवायचंच तर ओव्हनच्या आधी आणि ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी पूर्ण उडू दे.

म्युनिककर_मंदार

एवढ्या उठाठेवीपेक्षा श्लेंक लाइन लावा, फ्लास्क व्हॅक्यूमखाली हीट गनने तापवा, नायट्रोजन भरा, असं तीनदा केलं की पाच मिनिटांत काम. आणि ईथरसाठी सोडियम वायर हा प्रकार आता संग्रहालयात ठेवायचा. ३ अँगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सीव्ह घालून दोन-तीन दिवस ठेवा. २०१० च्या एका तौलनिक अभ्यासात सीव्हवरचं टीएचएफ सोडियम-बेंझोफिनोनवरून काढलेल्यापेक्षा कोरडं निघालं होतं.

स्वप्ना_क्यूसी

मंदार, तिच्याकडे कार्ल फिशरचं रिएजंट नाही आणि तुम्ही तिला श्लेंक लाइन सांगताय. :)

जुना_मास्तर

सीव्हचं मंदार म्हणतात ते खरं आहे, मीही नाकारत नाही. पण दोन अटी. एक, डब्यातून काढलेले सीव्ह हवेतलं पाणी पिऊन आधीच तृप्त असतात. ते मफल फर्नेसमध्ये ३०० अंशांना काही तास तापवून डेसिकेटरमध्ये गार करावे लागतात. कॉलेजच्या १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून काही होत नाही, आणि बरीच मुलं तेवढंच करून सीव्हला नावं ठेवतात. दोन, सीव्ह बघून ईथर कोरडं झालं की नाही ते कळत नाही. सोडियम-बेंझोफिनोनचा गडद निळा रंग आला की डोळ्यांना दिसतं. ज्याच्याकडे मोजायचं यंत्र नाही त्याला दिसणं महत्त्वाचं.

म्युनिककर_मंदार

मान्य नाही. निळ्या रंगासाठी पेटू शकणारं सोडियम उकळत्या ईथरमध्ये ठेवायचं, तेही विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये, हा सौदा मला महाग वाटतो. उरलेलं सोडियम नष्ट करताना किती लॅबमध्ये आगी लागल्यात.

जुना_मास्तर

तो मुद्दा तुमचा पक्का आहे. उकळायचं स्टिल मीही तिला सांगणार नाही. सोडियम वायर घालून नुसतं ठेवणं वेगळं. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही, होऊ द्या.

अनुजा, तुझ्याकडे जे आहे त्यात असं कर. बाटली जुनी असेल तर आधी पेरॉक्साइड बघ. थोडं ईथर पोटॅशियम आयोडाइडच्या आम्लयुक्त द्रावणाबरोबर हलव, पिवळं पडलं तर पेरॉक्साइड आहे, मग फेरस सल्फेटच्या द्रावणाने धुवावं लागेल. बाटलीच्या तोंडाशी खडे दिसले तर झाकणाला हातही लावू नकोस, सरांना बोलाव. पेरॉक्साइड नसलं की कॅल्शियम क्लोराइड घाल, पण ते ताजं आणि सढळ हाताने. पूर्ण दिवस ठेव, मधूनमधून हलव. क्लोराइडचा आणखी एक फायदा म्हणजे ईथरमधलं इथॅनॉलही ते धरतं. पुष्कळ बाटल्यांमध्ये टिकावं म्हणून इथॅनॉल घातलेलं असतं आणि तेही ग्रिग्नार्डचं शत्रूच. मग गाळून, गरम पाण्यावर डिस्टिल कर, तळ कोरडा होईपर्यंत ओढू नकोस.

त्यानंतर सोडियम प्रेसने वायर सोड. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून बूच घट्ट नको, क्लोराइडची नळी लाव. बुडबुडे थांबले की ताजी वायर थोडी सोडून बघ. ती चकचकीत राहिली तर ईथर तयार. पांढरी पडून फुगली तर अजून पाणी आहे. सोडियम घालण्याआधी बाटलीवरचं लेबल दोनदा वाच, क्लोरोफॉर्मसारख्या क्लोरिनवाल्या सॉल्व्हंटमध्ये सोडियम गेलं तर स्फोट होतो. आणि तुमच्याकडची हवा बघता लागेल तेवढंच काढ आणि त्याच दिवशी वापर.

तारापूरकर

एक शंका. अनुजा, कंडेन्सरला पाणी नळाचं की बर्फाचं?

अनुजा_रत्नागिरी

बर्फाचं. नळाचं पाणी बेभरवशाचं आहे, म्हणून बादलीत बर्फ टाकून कूलरचा छोटा पंप सोडलाय. का?

तारापूरकर

मला तुमचा चोर सापडला असं वाटतंय. बर्फाचं पाणी फिरायला लागलं की कंडेन्सरला बाहेरून घाम येतो. तो काचेवरून ओघळून खाली फ्लास्कच्या जॉइंटवर साठतो. जॉइंट सैल असेल किंवा ग्रीस नीट नसेल तर थेंब आत उतरतो. पुढच्या वेळी कंडेन्सरच्या खालच्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळा, तासाभरात पिळता येईल इतकी भिजेल.

आणि बर्फाचं पाणी गार्ड ट्यूब लावण्याआधी चालू करत असाल तर आतूनही दव धरतं. आधी गार्ड ट्यूब, मग पंप.

झंप्या

कंडेन्सरला घाम! हे मात्र लक्षातच आलं नसतं.

पोपटराव_पुणे

गार्ड ट्यूबमधलं क्लोराइडही बघा. जुनं असलं की ओलं होऊन त्याचा दगड बनतो.

जुना_मास्तर

पोपटराव, हे अगदी बरोबर बोललात, आणि त्यात ओलाव्यापेक्षा मोठा धोका आहे. दगड झालेल्या ट्यूबमधून हवा जातच नाही. मग तुमचा उकळता फ्लास्क म्हणजे सगळीकडून बंद भांडं. लावण्याआधी ट्यूबमधून रबरी फुग्याने हवा सोडून बघावी. तोंडाने फुंकू नका, तोंडातली वाफ आत जाते.

अनुजा_रत्नागिरी

पट्टीचं खरंच लक्षात नव्हतं आलं. जॉइंटवर पाणी दिसायचं, मला वाटायचं हात ओला लागला असेल.

आता सुरुवात कशी करायची ते सांगा. आणि सुरू झाल्यावर नक्की काय दिसतं? पुस्तकात "द्रावण गढूळ होते" एवढंच आहे.

जुना_मास्तर

टर्निंग्ज काळवंडलेल्या असतील तर त्या कोरड्या फ्लास्कमध्ये स्टररवर तशाच थोडा वेळ फिरव, एकमेकींवर घासून ताजा धातू उघडा पडतो. मग ईथर इतकंच घाल की टर्निंग्ज जेमतेम बुडतील, ८-१० मिली पुरे. ५ मिली ब्रोमोबेंझिन उरलेल्या ईथरमध्ये मिसळून ड्रॉपिंग फनेलमध्ये. त्यातला दहावा हिस्सा फक्त खाली सोड. आयोडीनचा छोटा खडा टाक, आणि स्टरर बंद ठेव. हे महत्त्वाचं. ढवळलं नाही की खड्याच्या आजूबाजूला ब्रोमाइड आणि आयोडीन दाट राहतं आणि सुरुवात तिथे होते.

आता बघत बस. आयोडीनचा तपकिरी रंग आधी जाईल, त्याचा अर्थ वर सांगितलाय. मग एखाद्या टर्निंगच्या कडेवरून बारीक बुडबुड्यांची माळ निघेल. उकळणारं ईथर काचेच्या तळावरून कुठूनही बुडबुडे सोडतं, हे बुडबुडे मात्र धातूच्याच एका ठरावीक जागेवरून येत राहतात. त्या जागेभोवती धुरकट पट्टा दिसतो, पाण्यात दूध पडावं तसा नाही, राखाडी. थोड्याच वेळात सगळं द्रावण मळकट राखाडी आणि मग तपकिरीकडे झुकतं, टर्निंग्जची चकाकी जाऊन त्या खाचखळग्यांच्या दिसायला लागतात. फ्लास्क तळहातावर धरलास तर कोमट लागतो. यातलं गढूळ होणं, धातूवरून बुडबुडे आणि आपोआप येणारी ऊब, तिन्ही एकत्र दिसलं तर सुरू झालं समज. एकटंदुकटं दिसलं तर थांब.

पाच-दहा मिनिटांत काही नसेल तर कोमट पाणी क्षणभर लावून काढ. तरी नाही, तर सरांसमोर डायब्रोमोइथेनचे २-३ थेंब. त्यात मॅग्नेशियमवरून इथिलीनचे भरपूर बुडबुडे येतील, पण तेही पुरावा नव्हेत, ते त्या डायब्रोमोइथेनचेच. ते थांबल्यावर पुढचं बघायचं. बर्फाचं भांडं हाताशी असू दे, पण सुरू होताच त्यात बुडवू नकोस, विझेल. उसळी मारली तरच.

आमच्या नागपूरला मे महिन्यात हे सगळं करायचं म्हटलं तर तुझ्या उलट अडचण. हवाच ४४ अंश, ईथर बाटलीतच उकळायला बघतं. तिथे "आपोआप उकळतंय" या खुणेला काही अर्थ नाही. आम्ही तो प्रयोग डिसेंबरात ठेवत असू.

म्युनिककर_मंदार

खूण बघून समाधान होत नसेल तर गिलमन टेस्ट करा. मिशलरच्या कीटोनच्या द्रावणात दोन थेंब टाकून, पाणी घालून, ॲसेटिक ॲसिडमधल्या आयोडीनचे थेंब सोडायचे. हिरवट निळा रंग आला म्हणजे ग्रिग्नार्ड आहे.

अनुजा_रत्नागिरी

मंडळी, झालं!

ओव्हनमध्ये रात्रभर, गरम असताना जोडणी, सोडियम वायरवरचं ताजं ईथर, कंडेन्सरला कापडाची पट्टी. पट्टी खरंच ओलीचिंब झाली. आयोडीनचा रंग गेल्यावर बराच वेळ काही नाही. मग एका वाकड्या टर्निंगच्या टोकावरून बुडबुडे यायला लागले, त्याच एका टोकावरून. बाकीच्या टर्निंग्ज तशाच. मी ट्यूबलाइटच्या उजेडात वाकून बघत होते तेवढ्यात त्या टोकाभोवती धुरासारखं दिसलं आणि मग दोन-तीन मिनिटांत सगळं राखाडी. खाली पाणी नसताना ईथर उकळत होतं! मग स्टरर चालू करून उरलेलं ब्रोमाइड थेंबथेंब सोडलं. शेवटी तपकिरी द्रावण आणि तळाशी मॅग्नेशियमचे अगदी थोडे कण.

८.२ ग्रॅम बेंझोफिनोन ईथरमध्ये विरघळवून घातलं तेव्हा लालसर रंग आला आणि मग घट्ट गोळाच झाला, स्टरर अडकला. आम्लाच्या बर्फगार पाण्याने तोडलं. पांढरा पदार्थ मिळाला, पण मेल्टिंग पॉइंट १३८ पासून सुरू होऊन १५५ पर्यंत पसरतोय. पुस्तकात १६२ ते १६४. आता हे काय?

स्वप्ना_क्यूसी

अभिनंदन! इतका पसरट पॉइंट म्हणजे मिसळ आहे. बहुतेक बायफिनाइल. तयार झालेलं ग्रिग्नार्ड आणि उरलेलं ब्रोमोबेंझिन एकमेकांना जोडून ते होतं, ब्रोमाइड भरभर पडलं किंवा फार गरम झालं की जास्त. गार पेट्रोलियम ईथरमध्ये पदार्थ नीट चोळून गाळ. बायफिनाइल त्यात विरघळतं, ट्रायफिनाइल मेथॅनॉल फारसं नाही. मग इथॅनॉलमधून एकदा क्रिस्टलाइज कर आणि टीएलसीवर बेंझोफिनोनही लावून बघ, ते उरलं असेल तर वेगळी गोष्ट.

झंप्या

मग शेवटी गुन्हेगार कोण? ईथर, काच की घाम?

जुना_मास्तर

सांगता येणार नाही, तिने तिन्ही एकदम बदलली. मला अजूनही जास्त संशय ईथरचा आहे.

तारापूरकर

माझा कंडेन्सरचा. पट्टी पिळता आली ना?

अनुजा, तळाशी राहिलेले मॅग्नेशियमचे कण बेसिनमध्ये टाकू नका. फ्यूम हुडमध्ये मोठ्या बीकरात पाणी घेऊन त्यात थोडे थोडे टाका आणि वर सौम्य आम्ल सोडा, हायड्रोजन निघून जाऊ दे, जवळ बर्नर नको. ईथरच्या बाटलीत राहिलेली सोडियम वायर त्यापेक्षा वाईट, तिला पाणी अजिबात लावायचं नाही. ईथर ओतून घेतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हळूहळू विरघळू द्या, आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तिथून हलू नका.

अनुजा_रत्नागिरी

बरं झालं सांगितलंत, बाटली अजून तशीच आहे. पेट्रोलियम ईथरने धुतलं. आता पॉइंट १५९ ते १६२. टीएलसीवर बेंझोफिनोनचा पुसट ठिपका आहे. उद्या इथॅनॉलमधून काढते.